कावळ्याचं हेडिंग

पोपटरावांना गावात कुणी पत्रकार म्हणत नसे. नारायणगावात पत्रकार म्हणजे कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारा, हार घालून घेणारा आणि जेवण झाल्यावर प्रास्ताविकाची चूक काढणारा माणूस. पोपटराव यातलं काहीच करत नसत. 'कुकडीकाठ' नावाच्या चार पानी दैनिकाच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर, एका खिडकीशी ते सव्वीस वर्षं बसले आणि दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांना मथळे देत राहिले. मथळा हा शब्द ते फक्त लिहिताना वापरत. बोलताना हेडिंग.

पण हेडिंग द्यावं तर पोपटरावांनीच, हे मात्र सगळे मान्य करायचे. टोमॅटो बाजारात कोसळला तेव्हा त्यांनी नुसतं 'लाल चिखल' असं दिलं होतं, आणि त्या दिवशी मार्केट यार्डात अंक पुरला नव्हता. ही आठवण ते स्वतः कधी काढत नसत. दुसऱ्या कुणी काढली की चष्मा पुसत बसत आणि ती पुरी होईपर्यंत चष्मा काही पुसून होत नसे. कौतुकाचा एवढा एक हावरेपणा त्यांच्यात होता, आणि तो निरुपद्रवी आहे असं सगळ्यांना वाटायचं. त्यांनाही तसंच वाटायचं.

त्यांची कामाची एक रीत होती. ती त्यांना जुने संपादक धर्माजी यांनी लावलेली. धर्माजी आता नाहीत. ते म्हणायचे, "पोपट, पहिलं हेडिंग कावळ्याला." म्हणजे पानातला पहिला घास जसा कावळ्यासाठी बाजूला काढतात, तसं डोक्यात येणारं पहिलं हेडिंग बाजूला काढून टाकायचं. पहिलं जे येतं ते बहुतेक कोटी असतं, टाळी मागणारं असतं, किंवा कुणाच्या तरी जिवावर उठणारं असतं. ते दाबून ठेवलं तर पुढची सगळी हेडिंगं त्याच्याच वळणाने जातात. म्हणून ते एका चिटोऱ्यावर लिहून काढायचं, हसायचं, चुरगाळायचं, आणि मग कामाला लागायचं.

सव्वीस वर्षं पोपटरावांनी कावळ्याला इमानाने जेवू घातलं. पुढे चिटोरे गेले, फोन आले. ऑफिसचा 'डेस्क' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्यात धर्माजी गेल्यावर धाकटी मंडळी आली आणि पोपटरावांचं कावळ्याचं हेडिंग ही त्यांची रोजची करमणूक झाली. पोपटराव आधी 'कावळा' असा शब्द टाकायचे, त्यापुढे ते हेडिंग, आणि ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागायची. मग पाच-दहा मिनिटांनी खरं हेडिंग यायचं. त्याला कुणी हसत नसे, ते छापलं जायचं.

इथे संस्कृतीची ओळख करून द्यायला हवी.

पिंपरी पेंढारची ही पोरगी सातवीत असताना शाळेच्या कबड्डी स्पर्धेत खेळली आणि तिने सात चढायांत नऊ गुण आणले. दोन ओळींची बातमी होती, पानाच्या तळाला जायची. पोपटरावांनी तिला हेडिंग दिलं : 'सातवीतली संस्कृती, सात चढाया, नऊ गुण'. तेवढंच. विशेषण एक नाही. पण चार दिवसांनी पोरीचा बाप सुनील ऑफिसचा जिना चढून आला आणि म्हणाला, "भाऊ, अजून दोन अंक मिळत्याल का? एक ल्यामिनेशन करायचाय, आन एक म्हातारीला पायजे. तिला वाचता येत न्हाई, पर पायजे म्हंती." त्यानंतर पोपटरावांनी त्या पोरीचं नाव पाच वर्षं लिहिलं. ती बारावीत पोचली तोवर तालुक्यात तिच्या चढाईला लोक मोटारसायकली थांबवून बघायला लागले होते. पोपटराव तिचा एकही सामना मैदानात जाऊन बघू शकले नाहीत, कारण सामन्याची वेळ आणि डेस्कची वेळ एकच. पण तिच्या गुणांची बेरीज त्यांना तोंडपाठ होती.

सुनीलने घरात एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती, आणि ती गावात सगळ्यांना माहीत होती. यंदा कुमारी गटात जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पोरीने पुढे खेळावं, पुण्याला राहावं, तो काही बोलणार नाही. नाही झाली तर बारावीनंतर खेळ बंद. निवड चाचणी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी होती. तिच्या आधी दोन आठवडे, डिंगोऱ्याच्या मैदानावर, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या मुलींची स्पर्धा झाली. अंतिम सामना पिंपरी पेंढार विरुद्ध पारगाव.

रविवार होता. पोपटराव डेस्कवर होते. मैदानावर बातमीदार रत्नदीप होता. हा पोरगा धावपळीचा, कामाचा, पण मेसेज असा लिहायचा की जणू अक्षराला पैसे पडतात. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला :

'फायनल ३१-३२. लास्ट रेड संस्कृती. एका पॉइंटनं गेली. डिटेल देतो.'

पोपटरावांनी तो वाचला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. गेली म्हणजे बाद झाली. शेवटच्या चढाईत पोरगी पकडली गेली आणि तेवढ्या एका गुणाने सामना गेला, असं त्यांनी घेतलं. रत्नदीपच्या मनातली जी 'गेली' होती ती मॅच होती. मराठीत मॅचही गेली आणि संस्कृतीही गेली. कर्ता लिहिला नाही की क्रियापद जवळचं नाव पकडतं, हे पोपटराव नव्या पोरांना नेहमी शिकवत. त्या दिवशी मात्र रत्नदीपला फोन लावून एवढं एकच विचारायचं त्यांना सुचलं नाही.

कारण पेन ठेवता ठेवताच त्यांना हेडिंग सुचलं होतं.

सुचलं ते असं आयतं, पूर्ण, अवतरणचिन्हांसकट सुचलं की त्यांना स्वतःलाच हसू आलं. वाईट वाटत असताना हसू येतं, ते आलं. बोटं फोनवर होतीच. त्यांनी ग्रुपवर टाकलं :

'शेवटच्या चढाईत पिंपरीची "संस्कृती" बुडाली!'

हसऱ्या तोंडांची रांग लागली. पोपटरावांनी फोन पालथा ठेवला, चष्मा पुसला आणि खऱ्या हेडिंगसाठी कागद ओढला.

'कावळा' हा शब्द लिहायचा राहून गेला होता.

खालच्या मजल्यावर मालकांचा मुलगा सूरज बसायचा. तो 'कुकडीकाठ'चं फेसबुक आणि वेबसाइट बघायचा. पोरगा वाईट नव्हता, चार दाणे जास्त कुठे मिळतील ते बघणारा होता. त्याची स्वतःची हेडिंगं एकाच साच्यातली असत : 'मैदानात जे घडलं ते पाहून थक्क व्हाल!' घडलेलं काय ते सांगायचं नाही, दारात उभं करून ठेवायचं. यावरून पोपटरावांचं आणि त्याचं वरचेवर वाजे. पोपटराव म्हणत, "हेडिंगात जे कबूल केलं ते बातमीत सापडलं पायजे. पावण्याला जेवायला बोलवून रिकामं ताट दाखवायचं नसतं." सूरज म्हणे, "काका, ताट दाखवलं तर कोण आत येतंय?" त्या दिवशी त्याला वाटलं, काकांना अखेर पटलं. त्याने ते हेडिंग ग्रुपवरून उचललं, रत्नदीपच्या फोटोंतला एक फोटो लावला, संस्कृती मातीत गुडघ्यांत डोकं घालून बसलेली, आणि पाच पन्नासला फेसबुकवर टाकलं.

वर पोपटराव शांतपणे काम करत होते. सहा वाजता रत्नदीपने गुणपत्रिकेचा फोटो पाठवला आणि मागून फोन केला. पोपटरावांनी पत्रिका मोठी करून पाहिली, आणि त्यांचं पेन थांबलं.

"रत्नदीप, शेवटच्या चढाईत संस्कृतीला एक गुण दिसतोय."

"हा मग? घेतला ना तिनं. डावा कोपरा मारला."

"तू लिवलं ती गेली म्हणून."

"मॅच गेली, काका. तीस-बत्तीस व्हतं. बरोबरीला दोन लागत व्हते. दुसरीला बी हात लागला असं आपली लोकं म्हंत्यात, पंचांनी एकच दिला. पहिल्या डावात लोण चढला तितंच मॅच गेलती, काका. अकरा-वीस व्हतं. हिनं दुसऱ्या डावात एकटीनं अकरा काढले. लई खेळली राव पोरगी."

पोपटरावांनी पत्रिकेवरून बोट फिरवलं. एकतीस गुणांतले पंधरा तिचे. आपलं कावळ्याचं हेडिंग नुसतं जहरी नव्हतं, खोटंही होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. बरं झालं चुरगाळायच्याच लायकीचं होतं, असं त्यांना वाटलं, आणि फोन पुन्हा पालथा ठेवून ते खरं हेडिंग करायला बसले. हा अर्धा तास त्यांना पुढे फार आठवायचा. खाली आग लागलेली आणि आपण वर बसून चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून जपतोय, तसला तो अर्धा तास.

त्यांनी आधी लिहिलं, 'हातचा सामना निसटला'. खोडलं. दुसऱ्या डावात पिंपरी एकदाही पुढे नव्हती, मग हातचा कसा? 'पिंपरीला एक गुण कमी पडला' हे त्यांना आवडलं. छोटं होतं, बोचत होतं. पण मोजून पाहिलं, तर एका गुणाने बरोबरी झाली असती, जिंकायला दोन लागले असते. खोडलं. 'थरारक', 'चित्तथरारक', 'निसटता' हे शब्द त्यांनी कागदावर आणलेच नाहीत. एकतीस-बत्तीस लिहिल्यावर थरार वेगळा सांगावा लागत नाही. मग त्यांना वाटलं, आपण पिंपरीच्या दुःखात पारगावच्या पोरींना विसरलो. जिंकलं कोण ते हेडिंगात हवं. त्यांनाही घरी आईबाप आहेत, त्यांनाही कात्रण लावायचंय. शेवटी त्यांनी दोन ओळी केल्या, अक्षरं मोजली, दोन कॉलमांत बसली :

'पारगावची एका गुणाने सरशी'
'शेवटच्या चढाईतही संस्कृतीचा गुण. पिंपरी पेंढार ३१-३२'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. कुणाला दोष नाही, कुणाला दडवलेलं नाही, आणि 'चढाईतही'मधला 'ही' सगळं सांगतोय. त्या 'ही'वर ते खूश झाले. ग्रुपवर टाकायला म्हणून त्यांनी फोन उलटा केला.

ग्रुपवर सूरजचा मेसेज होता : 'काका, तुमचं हेडिंग तुफान चाललंय!! चाळीस मिनिटांत नऊशे शेअर.'

पोपटराव जिना कसा उतरले ते त्यांनाच माहीत. सूरजने त्यांचा चेहरा बघून पोस्ट लगेच उडवली. पण नऊशे लोकांनी ती पुढे पाठवली होती आणि कितीजणांनी फोटो काढून ठेवला होता याची मोजदाद नव्हती. मग सूरज म्हणाला, "काका, मी काना-मात्रा बदलला नाय. तुमी कावळा लिवलं असतं तर मी हात लावला असता का?"

तो खरं बोलत होता. पोपटराव त्याच्यावर ओरडायला आले होते. कावळा लिहायचं आपण का विसरलो, हा प्रश्न त्यांनी त्या क्षणी स्वतःला विचारला आणि उत्तर लगेच मिळालं. ते हेडिंग त्यांना फार आवडलं होतं. ते टाकून द्यायला हात होत नव्हता. सव्वीस वर्षं चिटोऱ्यावर चुरगाळून टाकलेली शेकडो टाळ्यांची वाक्यं, त्यातलं एक तरी कुणीतरी बघावं, असं वाटलं होतं. बघितलं सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी अंकात खरं हेडिंग छापून आलं, आणि त्याच्या वर, पोपटरावांनी मालकांशी भांडून, चौकटीत दुरुस्ती घेतली : काल आमच्या फेसबुक पानावर आलेला मथळा चुकीचा होता, शेवटच्या चढाईत संस्कृतीने गुण मिळवला, सामन्यात सर्वाधिक पंधरा गुण तिचे, चूक डेस्कची आहे. फेसबुकवरही सूरजने निमूटपणे तीच टाकली. तिला एक्केचाळीस जणांनी अंगठा दाखवला. त्यातले निम्मे ऑफिसातले आणि त्यांचे नातेवाईक होते. त्याच दिवशी आळेफाट्याच्या स्टँडवर दोन पोरं कॉलेजच्या पोरींकडे बघून ओरडत होती, "काय गं, संस्कृती बुडाली का?" हे रत्नदीपने ऐकलं आणि पोपटरावांना सांगितलं नाही. ते त्यांना साधनाबाईंकडून कळलं. साधनाबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना भाजीवालीने सांगितलं होतं, हसत हसत, कुणाचं हेडिंग आहे हे तिला ठाऊक नव्हतं म्हणून.

"तुम्ही जाऊन या तिकडे," साधनाबाई एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी वाढलेलं ताट पोपटरावांनी तसंच सरकवून ठेवलं.

मंगळवारी सकाळी ते स्कूटरवरून पिंपरी पेंढारला गेले. पिशवीत सोमवारचे दहा अंक होते. दहा अंक का घेतले ते त्यांना सांगता आलं नसतं.

ओट्यावर म्हातारी साळुबाई लसूण सोलत बसली होती. तिने त्यांना ओळखलं नाही. "कोण पावणं?" म्हणाली. पोपटराव म्हणाले, "मी पेपरातला. पोपट." म्हातारीचं तोंड एकदम उजळलं, आणि ते बघणं पोपटरावांना सगळ्यात जड गेलं.

"आगं बया, तुमीच व्हय ते? या, बसा. तुमीच लिवलं व्हतं ना आमच्या पोरीचं?" तिने मागे हात केला. आत भिंतीवर, दारातून दिसेल असं, ते जुनं कात्रण होतं. लॅमिनेशनचे कोपरे पिवळे पडलेले. 'सातवीतली संस्कृती, सात चढाया, नऊ गुण'. "परवा कुणी मेल्यानं वंगाळ लिवलं न्हवं पोरीचं, तर तिनं हे बी काढाया घेतलं. म्या म्हनलं, ह्याला हात लावू नगं. हे चांगल्या मानसानं लिवलंय."

पोपटराव ओट्याच्या कडेला बसले. त्यांना पाणी दिलं गेलं, ते हातातच राहिलं. तेवढ्यात मागच्या दारातून सुनील आला. तो सगळं जाणून होता. त्याने नमस्कार केला नाही, पण हाकललंही नाही.

"आई, तू आत जा," तो म्हणाला.

"नको, बसू द्या त्यांना," पोपटराव म्हणाले. "आजी, ते वंगाळ मीच लिवलं. परवाचं. चुकून भाईर गेलं, पन लिवलं मीच."

साळुबाईच्या हातातली पाकळी हातातच राहिली. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिला वाचता येत नव्हतं. एकाच माणसाची दोन अक्षरं आपण कशी ओळखायची, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. मग ती पुन्हा लसूण सोलायला लागली, भराभर.

सुनील म्हणाला, "भाऊ, नाव आमीच ठेवलं तिचं. शाळंतल्या बाईंनी सुचवलं व्हतं. आमच्या घरात असलं नाव कुणाचं न्हाई, म्हनून लई कवतिक व्हतं. आता पोरं नाव घेऊन हसत्यात. तिनं काय करावं? नाव बदलावं?"

"मी दुरुस्ती छापली," पोपटरावांनी पिशवी पुढे केली. बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

संस्कृती घरातच होती. ती दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षं जिचं नाव लिहिलं तिला ते पहिल्यांदा समोरासमोर बघत होते. फोटोत वाटायची त्यापेक्षा बारकी होती. हाताच्या कोपराला खरचटल्याची खपली होती, रविवारचीच. तिने पिशवीतला एक अंक घेतला, पान उलटलं आणि वाचलं. दोन्ही ओळी वाचल्या. दुरुस्तीही वाचली. पोपटराव तिच्याकडे बघत होते, जसे ते दर वेळी अंक घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

"हे चांगलंय," ती म्हणाली.

"पोरी, चाचणी अजून बारा दिवसांवर हाय. तू जा. पंचांना, निवडीवाल्यांना फेसबुक दिसत न्हाई, खेळ दिसतो. तू पंधरा गुण काढलेत."

तिने अंक घडी करून परत पिशवीत ठेवला. रागाने नाही, दुकानातली वस्तू परत ठेवावी तसा.

"काका, आमी एका पॉइंटनं हरलो," ती म्हणाली. "तेवढंच झालं व्हतं. मॅच झाल्यावर खेळाच्या मॅडम म्हनल्या, रडून घ्या अन् उद्या पाचला ग्राउंडवर या. आमी रडलो बी. मग टेम्पोत बसल्यावर पोरी गानी म्हनायला लागल्या. अन् मग सगळ्यांचे फोन वाजाया लागले. टेम्पोत कुणीच काय बोललं न्हाई मग. सगळ्या माझ्याकडं बघत व्हत्या, अन् बघत न्हाई असं दाखवत व्हत्या. त्या दिवशी बुडालं कुणीच न्हवतं, काका. आमी नुसतं हरलो व्हतो."

पोपटरावांचे डोळे भरून आले. ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही. हेडिंगात काय लिहायला हवं होतं ते पोरीने चार शब्दांत सांगितलं होतं, आणि सव्वीस वर्षं अक्षरं मोजणाऱ्याला ते सहाला वीस कमी असताना दिसलं नव्हतं.

"पन तुमचं हेडिंग भारी व्हतं," ती पुढे म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. "सगळ्यांच्या तोंडात बसलं."

कौतुक ऐकण्यासाठी जन्मभर चष्मा पुसत बसलेला माणूस, त्याला हे ऐकवेना. ते उठले. पाणी तसंच ओट्यावर राहिलं. निघताना त्यांनी पिशवीकडे पाहिलं नाही, ती तिथेच सोडली.

पुढचे बारा दिवस पोपटरावांनी आशा धरली. पोरगी जिगरीची आहे, बघता बघता विसरेल, असं ते साधनाबाईंना सांगत. मॅडम घरी जाऊन आल्याचं रत्नदीपने कळवलं. सुनीलही म्हणाला म्हणे की पोरीला जायचं तर जाऊ दे. ग्रुपवर आता कावळा येत नसे. पोपटराव पुन्हा चिटोऱ्यावर आले होते, आणि चुरगाळून टाकलेला चिटोरा खिशात घालून घरी नेऊन चुलीत टाकत. सूरजनेही 'थक्क व्हाल' लिहायचं बंद केलं. ते किती दिवस टिकेल देव जाणे, पण केलं.

निवड चाचणीच्या रविवारी संध्याकाळी जिल्हा संघाची यादी ऑफिसात आली. बारा नावं. पोपटरावांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. जुन्नरची एक होती, पारगावची डावी कोपरारक्षक होती. तीच, जिला शेवटच्या चढाईत हात लागला होता. त्यांनी रत्नदीपला फोन केला. या वेळी काहीही गृहीत न धरता, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं विचारलं.

"संस्कृती चाचणीला आली व्हती का? निवड झाली न्हाई, का आलीच न्हाई?"

"आलीच न्हाई, काका. मॅडम दहापर्यंत गेटवर थांबल्या व्हत्या."

पोपटरावांनी फोन ठेवला आणि चिटोरा पुढे ओढला. पहिलं हेडिंग काही सुचलं नाही. कावळ्याला द्यायला घरात काही नव्हतं. ते बराच वेळ खिडकीतून खाली झेरॉक्सच्या दुकानापुढची गर्दी बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं :

'जिल्हा कबड्डी संघात जुन्नर-आंबेगावच्या दोघी'

त्यांनी रीतीप्रमाणे यादीशी पडताळून पाहिलं. नावं मोजली, पुन्हा मोजली. कुठे विशेषण नव्हतं, काही लपवलेलं नव्हतं, कुणाला दुखावणारं नव्हतं. आकडा बरोबर होता. एका कॉलमात बसलं.

ते त्यांनी छापायला पाठवलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले.